आई-बाबांच्या लग्नाची पत्रिका

घराण्यात ज्याचं मराठी बरं समजलं जातं, त्याच्याकडे पत्रिकांचे मजकूर येतात. मुंज, बारसं, वास्तुशांत, साठी, पंचाहत्तरी. गेली वीस-बावीस वर्षं आमच्याकडे हे काम माझ्या गळ्यात आहे आणि यातल्या बहुतेक पत्रिका मी झोपेतही लिहून देईन, कारण त्यांचा मायना ठरलेला आहे. नावं, वार, वेळ आणि कार्यालय बदललं की पत्रिका तयार. गेल्या दिवाळीत मामेबहिणीचा फोन आला. "दादा, आई-बाबांच्या लग्नाला मेमध्ये पन्नास वर्षं होतायत. आम्ही तिघं मिळून कार्यक्रम करतोय. पत्रिकेचं तेवढं तू बघ." मी सवयीनं "देतो उद्या" म्हणून बसलो. तो उद्या उजाडायला अडीच महिने लागले.

झालं असं, की कागद पुढं ओढून लिहायला बसलो तर पहिला शब्दच सुचेना. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हा मायना हाताशी होता. पण तो लिहिणारा कोण असतो? मुलाचा किंवा मुलीचा बाप. मराठी लग्नपत्रिकेत बोलणारा नेहमी वडीलधारा असतो आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो धाकटा असतो, म्हणून 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ही बिरुदं. निमंत्रितांना विनंती असते ती वधूवरांना आशीर्वाद देण्याची. इथे सगळंच उलटं. बोलणारी मुलं, ज्यांच्याविषयी बोलायचं ते आईवडील, आणि येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्या दोघांपेक्षा लहान. ठरलेल्या मायन्यातला एकही शब्द जागेवर बसत नाही.

परंपरेत शोधावं तर तिथेही हाती काही लागत नाही. आपले विधी वयाला धरून आहेत. साठी शांत असते. पुढं सहस्रचंद्रदर्शन असतं, त्यासाठी हजार पौर्णिमा पाहायला माणसाला ८० वर्षं आणि साधारण १० महिने जगावं लागतं. पण लग्नाला अमुक वर्षं झाली म्हणून करायचा असा विधी आपल्या पोथीत नाही. पंचविसाला चांदी आणि पन्नासाला सोनं ही पद्धत युरोपातली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्याचा सोहळा हिंदुस्थानातही झाला होता. पुढं शाळा, संस्था, वाचनालयं असे महोत्सव करू लागली आणि घरातल्या जोडप्यांपर्यंत तो शब्द पोचला. त्यामुळे गुरुजींकडे याचा संकल्प नाही आणि छापखान्यात याचा तयार मजकूर नाही. म्हणजे असतो, पण तो लग्नपत्रिकेचाच असतो, दोन शब्द बदललेला.

तसा एक मामेभावानं माझी वाट बघून कंटाळल्यावर स्वतःच आणला. छापखान्याच्या नमुना-वहीतला. सोनेरी गणपती, खाली कमळ, आणि मजकूर असा: 'आमचे ती. आई व बाबा लग्नाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण करीत आहेत. तरी या मंगलप्रसंगी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून उभयतांस शुभाशिर्वाद द्यावेत ही नम्र विनंती.' वाचायला गोड आहे. चुका तीन आहेत, आणि या तिन्ही मी आजवर आलेल्या अशा बहुतेक पत्रिकांत पाहिल्या आहेत.

पहिली चूक आकड्याची. मामा-मामींचं लग्न २ मे १९७६ चं. पहिलं वर्ष २ मे १९७७ ला पुरं झालं. त्या हिशेबानं पन्नासावं वर्ष, म्हणजेच सुवर्णमहोत्सवी वर्ष, २ मे २०२५ ला सुरू झालं आणि १ मे २०२६ ला संपलं. २ मे २०२६ ला ते पन्नास वर्षं पूर्ण करतात आणि एक्कावन्नाव्या वर्षात पाऊल टाकतात. 'सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण' लिहायचं असेल तर कार्यक्रम एक वर्ष आधी करायला हवा होता. पुष्कळ घरांत दोघांपैकी एकाची तब्येत बघून तो खरोखरच एक वर्ष आधी करतात, आणि तेव्हा ते शब्द अचूक असतात. आपण पूर्ण झाल्यावर करतोय, तर सरळ 'पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत' लिहावं.

दुसरी चूक 'शुभाशीर्वाद द्यावेत' ही. (त्यातला 'शि' ऱ्हस्व छापला होता, ती वेगळी.) मामा शहात्तर वर्षांचे, मामी त्र्याहत्तर. पत्रिका जाणार भाचेमंडळींना, जावयाच्या मित्रांना, नातवाच्या क्लासच्या सरांना. पस्तिशीच्या सरांनी येऊन मामांना आशीर्वाद द्यायचे? लग्नपत्रिकेतून शब्द तसाच उचलला की असं होतं. बरं, उलट 'आशीर्वाद घेण्यास यावे' लिहिलं तर मामांचे सत्त्याऐंशी वर्षांचे थोरले बंधू आहेत, त्यांना ते कसं पाठवायचं? लहान आणि मोठे दोघांनाही चालेल असा शब्द हवा. 'आनंदात सहभागी व्हावे' चालतं. 'शुभेच्छा द्याव्यात' चालतं, थोडं कोरडं आहे. आम्ही शेवटी हे क्रियापदच टाळलं. 'यावं' एवढंच ठेवलं.

तिसरी चूक तशी चूक नव्हे, पण घोटाळा आहे. 'ती.' म्हणजे तीर्थरूप. हा शब्द आपण आपल्या आईवडिलांना पत्र लिहिताना वापरतो. इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', म्हणजे 'ती. स्व.'. मामा मुलांचे तीर्थरूप आहेत, पत्रिका वाचणाऱ्या शेजाऱ्यांचे नाहीत. म्हणून 'आमचे ती. बाबा' इथपर्यंत ठीक. पण पाकिटावर, फलकावर, व्यासपीठामागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'ती.' लावलं की ते कोणाचे कोण हा प्रश्न पडतो. तिथे 'श्री.' आणि 'सौ.' पुरे.

निमंत्रक कोण, यावर खरी रात्र गेली. जुन्या पत्रिकेत खाली डाव्या बाजूला बापाचं नाव, मग काकांची, मग भावांची. लेकींची नावं निमंत्रकांत नसत. त्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांच्या आया म्हणून कुठंतरी तळाला दिसत. इथे तीन मुलं: थोरली पुण्यात, मधला मुलगा कराडला आईवडिलांजवळ, धाकटी बंगळुरूला. वयाच्या क्रमानं थोरलीचं नाव पहिलं. यावर भाऊ काही म्हणाला नाही, मामाच म्हणाले, "लोक विचारतील, मुलगा असताना पत्रिका मुलीच्या नावानं कशी?" मामी भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "विचारू देत. सांगा की ती आधी झाली." विषय संपला. पण त्यातून एक व्यावहारिक अडचण उरली. थोरलीचं आडनाव आता वेगळं, धाकटीनं माहेरचंच ठेवलेलं. कराडच्या जुन्या लोकांना तीन निमंत्रकांची दोन आडनावं बघून संबंध लागेना. 'पूर्वाश्रमीच्या' म्हणून कंसात माहेरचं नाव घालायची पद्धत आहे, पण पूर्वाश्रम संन्याशाला असतो; संसार करणाऱ्या बाईला तो शब्द लावू नये असं माझं मत. तिघांची फक्त पहिली नावं छापली आणि त्यांच्या जोडीदारांची त्याच ओळीत. मुलं तीन आहेत हे ज्यांना माहीत नाही, त्यांना तशीही पत्रिका जाणार नव्हती.

मामींच्या नावाचा पेच याहून मोठा होता. पन्नास वर्षांपूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलणं आपल्याकडे पुष्कळ घरांत सरसकट होतं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि ते पाहुण्यांना सांगायचं. मामींचंही बदललं. माहेरी त्या एका नावानं वाढल्या, सासरी दुसऱ्या. पत्रिकेत सासरचं नाव छापलं तर त्यांच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी, ज्यांना मुद्दाम बोलवायचं होतं, त्यांना ही बाई कोण हेच कळलं नसतं. दोन्ही नावं छापली. आधी सासरचं, मग 'माहेरची' म्हणून जुनं. मामींनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. मग म्हणाल्या, "हे नाव छापलेलं मी दुसऱ्यांदा बघतेय. पहिल्यांदा लग्नाच्या पत्रिकेत."

ती १९७६ ची पत्रिका सापडली, हे आमचं नशीब. मुलांपैकी कोणी ती कधी पाहिली नव्हती. ती निघाली पेन्शनच्या फायलीत, रेशनकार्डाच्या जुन्या झेरॉक्सखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. विवाहनोंदणीच्या दाखल्यासाठी लग्नाची पत्रिका पुरावा म्हणून जोडायला सांगतात, म्हणून मामांनी ती जपली होती. पोस्टकार्डाहून जरा मोठा, पिवळा पडलेला कागद. चारही कोपऱ्यांना लावलेल्या हळदीचे डाग तपकिरी झालेले. खिळे जुळवून छापलेली, त्यामुळे अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला लागतात. मजकूर आठ ओळींचा. तिथी वैशाख शुद्ध तृतीया, शके १८९८, वार रविवार, मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटं. लग्न मामींच्या गावी, नांदगावला. खाली एकच सूचना होती: गाडी किती वाजता सुटेल.

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. इथून तारखेचा वाद सुरू झाला. मामांचं म्हणणं, लग्न अक्षय्य तृतीयेला झालं, तर सोहळा अक्षय्य तृतीयेलाच व्हावा. २०२६ ची अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला, तीही रविवारी. मुलांनी सभागृह धरलं होतं २ मेचं. तो शनिवार, आदल्या दिवशी १ मेची सुट्टी, बंगळुरूहून येणाऱ्यांना तीन दिवस मिळत होते. "तारीख इंग्रजी, तिथी आपली," मामा म्हणाले. "पंचवीस वर्षांनी तरी दोन्ही एकत्र आल्या असतील?" नव्हत्या आल्या. आणि पन्नासाव्याला कोणाच्याच येत नाहीत.

त्याचं गणित सोपं आहे. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागं सरकते; मग अधिक महिना येतो आणि तिला पुढं ढकलतो. हा मागं-पुढं चालणारा हिशेब १९ वर्षांनी जवळपास मिटतो. म्हणून एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकमेकींना येऊन भेटतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक राहतो. पन्नास हा आकडा अडतीस आणि सत्तावन्न यांच्या मध्ये पडतो. पन्नास सौरवर्षांत ६१८ चांद्रमास आणि वर बाराएक दिवस बसतात. म्हणजे पन्नासाव्या वर्षी तिथी तारखेच्या सुमारे बारा दिवस आधी येते, किंवा एक महिना पुढं गेली तर सुमारे सतरा दिवस नंतर. मामांची आधी आली. त्यांचं लग्न महिनाभर उशिरा, ज्येष्ठात झालं असतं तर तिथी नंतर आली असती, कारण २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून असा तो अधिक महिना, आणि पुष्कळ घरांत त्यात कार्य धरत नाहीत. सभागृह मिळेल तेव्हा धरू, असं म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहून ठेवलेलं बरं.

मार्ग निघाला तो असा. १९ एप्रिलला कराडच्या घरी पूजा, घरच्या माणसांत. २ मेला सोहळा. पत्रिकेत जाहीर तारीख एकच छापली आणि लग्नाची तिथी तेवढी मजकुरात आली. दोन तारखा छापल्या असत्या तर निम्मे लोक चुकीच्या दिवशी आले असते.

आता यादी. हा सोहळा आई-बाबांपासून लपवून, ऐन वेळी त्यांना चकित करायचा, असा धाकटीचा बेत होता. मी विरोध केला. एक तर आपल्या नात्यांत गुपित टिकत नाही. पत्रिका मिळाली की पहिला फोन थेट मामींनाच जाणार. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. मुलांना आईवडिलांची माणसं माहीत नसतात. मुलांनी केलेल्या यादीत मुलांचे मित्र होते, सोसायटी होती, व्याही होते. मामांच्या पहिल्या शाळेतले सहकारी नव्हते, मामी ज्यांच्याकडे शिवण शिकल्या त्या बाई नव्हत्या.

ती माणसं मिळाली आहेराच्या वहीत. लग्नानंतर कराडला सत्यनारायण झाला, त्या दिवशी आलेला आहेर मामांच्या धाकट्या भावानं शंभर पानी वहीत लिहून ठेवला होता. डावीकडे नाव आणि गाव, उजवीकडे वस्तू किंवा रक्कम. रुपये पाच. रुपये अकरा. स्टीलचा डबा, मध्यम. पितळी तांब्या. ब्लाउजपीस व नारळ. एका नावापुढं नुसतं 'वाढायला होते' असं लिहिलं आहे. त्या माणसानं आहेर दिला नव्हता, दिवसभर पंगतीत वाढलं होतं, आणि काकांना त्याची नोंद करावीशी वाटली होती. मामा-मामी दोन संध्याकाळ ती वही घेऊन बसले. एकेका नावावर बोट ठेवायचं, मग दोघांपैकी एकजण सांगणार: गेले, गेल्या, पुण्याला मुलाकडे असतात, हे कोण आठवत नाही. शेवटी खुणा केलेली सत्तावीस नावं उरली. त्या सत्तावीस जणांना बोलवायचं तर पत्रिका पोस्टानं किंवा मोबाईलवर पाठवून भागणार नव्हतं. वाढायला असलेले गृहस्थ त्या सत्तावीसांत आहेत, कराडजवळच राहतात.

पाकिटं लिहिण्याआधी या सगळ्यांच्या घरी फोन केला, आणि हे मी प्रत्येकाला आग्रहानं सांगेन. या वयाच्या लोकांच्या घरात गेल्या चार-पाच वर्षांत काय झालं हे तुम्हाला माहीत नसतं. पाकिटावर 'श्री. व सौ.' असं आधीच छापून घेतलं, आणि ते ज्यांची बायको गेल्या पावसाळ्यात गेली त्यांच्या हातात पडलं, तर सोहळ्याची पत्रिका त्यांना टोचते. आमच्या यादीत अशी चार घरं निघाली. दोघांना 'श्री.', दोघींना 'श्रीमती'. त्या दोघींना मामींनी स्वतः फोन करून सांगितलं, "औक्षणाला पुढं उभं राहायचंय." कारण अशा बायका नेमक्या त्या वेळी मागच्या रांगेत जाऊन बसतात, आणि नुसती पत्रिका वाचून त्या पुढं येत नाहीत.

आहेराच्या ओळीवर प्रत्येक घरात चर्चा होते. 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' हे बँकेच्या काउंटरवरच्या पाटीसारखं वाटतं. 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर' इतक्या वेळा छापलं गेलंय की ते वाचून लोक पाकीट आणतातच. शिवाय मामींचे दोन भाऊ साडी आणल्याशिवाय राहणार नाहीत हे पक्कं. माहेरच्या साडीला नाही म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही. आम्ही लिहिलं, 'कृपया भेटवस्तू आणू नये. आणायचंच असेल तर त्या काळातला एखादा फोटो आणावा.' कृष्णधवल फोटो लोकांच्या ट्रंकांत पडून असतात, आणि मामांच्या लग्नाचे स्वतःचे फोटो फक्त सहा आहेत.

छपाईविषयी थोडं, कारण तिथे पैसे वाया जातात. सुवर्णमहोत्सव म्हटलं की छापखानेवाला सोनेरी वर्ख दाखवतोच, आणि तो मरून कागदावर फार देखणा दिसतो. पण ही पत्रिका वाचणारे सत्तरीचे लोक आहेत. वर्खाची अक्षरं दिव्याखाली चमकतात आणि वाचण्यासाठी कागद तिरका करत बसावं लागतं. देवनागरीत त्याहून वेगळा त्रास आहे: बारीक अक्षरात रफार आणि अनुस्वार तुटतो, आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या वर्खानं भरून येतात. 'महोत्सव' मधला 'त्स' एक सोनेरी ठिपका होऊन बसतो. वर्ख वापरायचाच तर मोठ्या शीर्षकापुरता. बाकी मजकूर फिक्या कागदावर काळ्या किंवा गडद शाईत, नेहमीच्या पुस्तकापेक्षा ठळक आणि मोठ्या अक्षरांत. आम्ही नमुना छापून मामांना चष्म्याशिवाय हात लांब करून वाचायला दिला. दुसऱ्या प्रयत्नात वाचता आला.

मोबाईलवर पाठवायला पत्रिकेचं चित्र वेगळं लागतं, आणि त्याच्यासोबत दोन ओळींचा टाईप केलेला मजकूरही द्यावा, म्हणजे तारीख आणि पत्ता शोधता येतो. हा मजकूर छापखान्याच्या फाईलमधून चिकटवू नये. पुष्कळ छापखाने अजून युनिकोडपूर्वीचे फॉन्ट वापरतात. त्यातला मजकूर उचलून मोबाईलवर टाकला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात. नव्यानं टाईप करावा. नकाशाचा चौकोनी कोड खुशाल छापा, पण शेजारी शब्दांत खूण हवी: कुठल्या चौकातून आत, कुठल्या दुकानासमोर. आणि एक ओळ जी मी कुठल्याच लग्नपत्रिकेत पाहिलेली नाही, पण या पत्रिकेत असायलाच हवी: सभागृह कुठल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे की नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस आधी तेच विचारतो. आमचं तळमजल्यावर आहे, तसं छापलं. कार्यक्रमही सकाळचाच ठेवला. रात्रीचं जेवण साडेनवाला मिळणार असेल तर मधुमेह असलेली निम्मी मंडळी घरूनच खाऊन येतात, किंवा येतच नाहीत.

शेवटी जो मजकूर ठरला तो असा. नावांच्या जागा मोकळ्या ठेवतो.

॥ श्री ॥
सप्रेम नमस्कार,
आमची आई सौ. … (माहेरची …) आणि बाबा श्री. … यांच्या लग्नाला २ मे २०२६ रोजी पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत. वैशाख शुद्ध तृतीया, शके १८९८ या दिवशी नांदगाव (ता. कणकवली, जि. रत्नागिरी) येथे त्यांचं लग्न झालं. त्या मांडवात तुमच्यापैकी काहीजण होते. बाकीचे पुढच्या पन्नास वर्षांत आमच्या घरचे झाले. तुम्ही सगळे आलात तर आई-बाबांना आवडेल, म्हणून हे आमंत्रण.
शनिवार, २ मे २०२६. सकाळी १०.३० औक्षण, ११ वाजता गप्पा आणि आठवणी, १२.३० पासून भोजन.
नक्की यावं.
आपली, … , … आणि …

'श्री' च्या जागी कुलदैवताचं नाव घालता येतं, 'नमो बुद्धाय' येतं, किंवा काहीच नसलं तरी अडत नाही. 'व्हावे-यावे' अशी ग्रांथिक भाषा टाळली, कारण मुलं आईवडिलांविषयी बोलताना तशी बोलत नाहीत. 'गप्पा आणि आठवणी' ऐवजी 'मनोगत' लिहा, असं दोघांनी सुचवलं. 'मनोगत' वाचलं की लोक कागदावर भाषण लिहून आणतात, म्हणून ते घेतलं नाही.

पत्रिका पाठवायला तीन आठवडे पुरे होतात. परगावच्यांना महिना-दीड महिना आधी फोनवर तारीख सांगून ठेवावी, आणि आठवडाभर आधी पुन्हा एकदा. त्या सत्तावीस घरांपैकी जवळच्या अकरा घरी मामा-मामी स्वतः गेले, रिक्षा करून. पहिली पत्रिका देवापुढं ठेवली, तेवढी एक जुनी रीत पाळली.

छापायला देण्याच्या आदल्या दिवशी प्रूफ घेऊन मी कराडला गेलो. तिघा भावंडांनी वाचलेलं होतं, मी चारदा वाचलेलं होतं. मामींनी चष्मा लावला, वाचलं आणि बोट एका जागी ठेवलं. "आमचं नांदगाव रत्नागिरीत कुठं आहे?" मामेभावानं जिल्हा १९७६ च्या पत्रिकेतून जसाच्या तसा उतरवला होता, आणि त्या वेळी तो बरोबरच होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, मामींच्या लग्नानंतर पाच वर्षांनी.

"सिंधुदुर्ग करा," मामी म्हणाल्या. मामा म्हणाले, "लग्न झालं तेव्हा रत्नागिरीच होता, तोच राहू दे." छापून आलं आहे ते 'ता. कणकवली, तेव्हाचा जि. रत्नागिरी'.